लाल माती आधी, गवत नंतर: क्रिकेटची पांढरी पँट मशीनला लावण्यापूर्वी

प्रश्न: "मुलगा अकरा वर्षांचा आहे, इथे इंदूरलाच क्रिकेटच्या कोचिंगला जातो. दर रविवारी पांढरी पँट गुडघ्यावर हिरवी आणि मांडीवर, मागे लाल होऊन येते. मी तो आल्याआल्या वडी लावून घासते, ब्लीचमध्ये भिजवते आणि मशीनला लावते. हिरवं फिकं होतं, पण लालसर पिवळा डाग राहतोच, उलट पसरल्यासारखा दिसतो. शाळेच्या पांढऱ्या पीटी ड्रेसचंही तेच. मशीनला लावायच्या आधी नेमकं काय करायचं?"

ताई, हिरवं फिकं होतंय आणि लाल हटत नाहीये, एवढ्यावरूनच कळतं की तुमचे कष्ट कमी पडत नाहीयेत, क्रम उलटा झालाय. गुडघ्यावर डाग एकच दिसतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींवर बसलेल्या असतात. गवताचा हिरवा हा खरोखरचा रंग आहे, तो धाग्याला धरतो. लाल माती म्हणजे अतिशय बारीक कण, ते विणीच्या फटींत जाऊन बसतात. रंग विरघळवून काढावा लागतो, कण बाहेर ढकलावे लागतात. एकाचा उपाय दुसऱ्यावर आधी केला की काम बिघडतं. म्हणून आधी माती, तीही कोरडी असताना. मग गवत. मग मातीची लाली मागे उरलीच तर तिचा उपाय. आणि ब्लीच अगदी शेवटी, लागलंच तर.

इंदूरमध्ये आमची लॉन्ड्री आहे आणि सीझनमध्ये क्रिकेट शिकणाऱ्या मुलांचे कपडे आमच्याकडे सतत येतात. त्यामुळे हे जे सांगतेय ते रोजच्या कामातलं आहे. तरी तीन गोष्टी प्रत्येक घरात वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर निकाल अवलंबून असतो: कापड कोणतं, पाणी कोणतं, आणि डागावर आधी इस्त्री फिरली आहे का. त्या जागच्या जागी सांगते.

आधी माती. माळव्याची जमीन काळी. मैदानाच्या कडेला पावसाळ्यात जो चिखल लागतो तो काळा असतो आणि कपड्यावर करडा डाग ठेवतो. लाल माती बहुतेक वेळा विकेटसाठी बाहेरून आणून टाकलेली असते, म्हणून ती सरावाच्या खेळपट्टीजवळ लोळण घेतली, डाइव्ह मारली किंवा क्रीजमध्ये बॅट टेकवायला पाय लांब केला की लागते. तिचा लाल रंग लोखंडाच्या गंजासारख्या संयुगांचा असतो. मातीच्या प्रत्येक बारीक कणावर त्याचा लेप असतो. काळी माती साबणाने सुटली की तिचा मागमूस राहत नाही, पण लाल मातीचे थोडेसेच कण उरले तरी ती जागा नारिंगी दिसते, कारण त्या लेपाची रंग देण्याची ताकद फार आहे.

ओल्या लाल डागावर वडी घासली की भिंतीला लांबी भरतात तशी माती विणीत भरली जाते. शिवाय बऱ्याच वड्यांमध्ये भरीसाठी खडूसारखी बारीक पूड असते, तीही सोबत आत जाते. तुम्ही "आल्याआल्या घासते" लिहिलंय ना, ते थांबवा. पँट आली की पाणीही लावू नका. उलगडून, डाग वर ठेवून, पंख्याखाली किंवा दोरीवर रात्रभर वाळू द्या. चिखलाचा गोळा असेल तर चमच्याच्या मागच्या टोकाने फक्त वरचा थर उचलून घ्या, दाबू नका. गवताच्या बाबतीत एक रात्र थांबल्याने थोडं नुकसान होतं हे खरं, ताजा हिरवा जास्त सहज निघतो. पण दोन्ही एकत्र असतील तर मातीसाठी थांबणं फायद्याचं पडतं. नुसतं हिरवं असेल, माती अजिबात नसेल, तर थांबू नका, सरळ गवताच्या कृतीकडे जा.

सकाळी डागाच्या जागी कापड दोन्ही हातांत धरून उलटसुलट चुरगाळा, बाल्कनीत झटका. मग कोरड्या, मऊसर ब्रशने विणीच्या दिशेने झाडा. कपड्यांचा ब्रश पुरे, दात घासायचा जुना ब्रश शिवणींसाठी ठेवा. गोल गोल फिरवू नका. पुष्कळ माती इथेच निघून जाते, ती पाण्यात गेलीच नाही म्हणजे बाकीच्या कापडावर बसलीही नाही. घरात व्हॅक्यूम क्लिनर असेल तर तो डागाच्याच बाजूने लावला तर फारच चांगलं.

त्यानंतर पाणी, आणि ते उलट बाजूने. पँट उलटी करा, डागाची मागची बाजू नळाच्या जोरदार धारेखाली धरा, म्हणजे पाणी आतून येऊन माती ज्या बाजूने शिरली त्याच बाजूने बाहेर काढेल. साधं गार पाणी. खाली पांढरी बादली किंवा टब ठेवा आणि पाण्याकडे बघा: सुरुवातीला ते चहासारखं लाल येतं, मग फिकं, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत साबण लावायचा नाही. पाणी गढूळ असताना साबण लावला तर फेसाबरोबर तेच कण शेजारच्या स्वच्छ भागात सरकतात. तुम्हाला डाग पसरलेला दिसतो, त्याचं पहिलं कारण हे.

पाणी स्वच्छ झालं की लिक्विड डिटर्जंटचे थोडे थेंब डागावर टाका, बोटांनी हलकेच पसरवा, दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग ब्रश पुन्हा विणीच्या दिशेने, आणि परत उलट बाजूने धार. हे एकदोनदा केलं की मातीचा जाड भाग गेलेला असतो. गवत कुठे आहे आणि मातीची लाली कुठे आहे ते आता वेगवेगळं दिसतं. ओलं असतानाच खिडकीपाशी उजेडात धरून नीट बघा, कारण वाळल्यावर फिका डाग दडतो आणि इस्त्रीखाली पुन्हा वर येतो.

आता ब्लीचबद्दल, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय असं मला वाटतं. बाजारात जे पातळ, तिखट वासाचं ब्लीच मिळतं ते क्लोरीनचं असतं. ते गवताचा हिरवा रंग मोडतं, म्हणून तुम्हाला ते चाललं असं वाटतं. मातीच्या लोखंडावर त्याची काहीच मात्रा चालत नाही. गंज आधीच पूर्ण गंजलेला आहे, त्याचा रंग आणखी उडवण्यासारखं त्यात काही नाही. उलट कपड्यात किंवा पाण्यात लोखंडाचा थोडा अंश विरघळलेला असला तर ब्लीचमध्ये तोही गंज होऊन धाग्यावर बसतो. दुसरं असं की हल्लीच्या पांढऱ्या कपड्यांचा तो निळसर झळाळणारा पांढरेपणा एका खास चमक देणाऱ्या द्रव्यामुळे असतो, आणि क्लोरीनचं ब्लीच तेच आधी मारतं. मग डागाभोवतीचं कापडही पिवळट पडतं, आणि डाग मोठा झाल्यासारखा दिसतो. पसरण्याचं दुसरं कारण हे. कमरेच्या इलास्टिकला आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला तर हे ब्लीच लावूच नये, ते पिवळं होतं आणि त्याचा ताण जातो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे आंबट पदार्थ वापरायचा आहे. क्लोरीनचं ब्लीच आणि लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा टॉयलेट क्लिनर हे कधीही एकत्र येता कामा नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्या बादलीत ब्लीच होतं ती धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घेऊ नका.

आता गवत. त्यात दोन भाग असतात. एक हिरवा रंग, तो तेलकट स्वभावाचा आहे, पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. दुसरा पानाचा चिकट रस, त्यात प्रथिनं असतात, ती या रंगाला कापडावर चिकटवून ठेवतात. गरम पाण्याने प्रथिनं आणखी घट्ट बसतात, म्हणून सुरुवातीला गरम पाणी नको. पॉलिस्टरला तेलकट गोष्टी जास्त धरतात, म्हणून अकादमीच्या पॉलिस्टर पँटवर गवत जास्त चिवट असतं आणि माती तुलनेने लवकर सुटते. सुती कापडावर याच्या बरोबर उलटं.

मेडिकलवर सर्जिकल स्पिरिट मिळतं, ते आणा. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा, रंगीत पट्टी किंवा छापलेला नंबर असेल तर त्याच्यावरही बघा, कारण काही छपाया स्पिरिटने सुटतात. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद, जवळ उदबत्तीसुद्धा नको. टेबलावर पांढरा जुना टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर डाग लागलेली बाजू खाली करून कापड पसरा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मागच्या बाजूने टिपा, डागाच्या कडेपासून मध्याकडे. चोळू नका, नुसतं दाबून उचला. दोनतीन मिनिटांनी कापड उचलून बघा: खालच्या टॉवेलवर फिकट पोपटी छाप दिसेल. टॉवेलची कोरडी, स्वच्छ जागा खाली घ्या आणि पुन्हा टिपा. टॉवेलवर काही उतरेनासं झालं की थांबा, त्यापुढे स्पिरिट ओतून उपयोग नाही.

मग साध्या पाण्याने स्पिरिट पूर्ण काढून टाका. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढचं काम एन्झाइमचं आहे आणि स्पिरिट राहिलं तर एन्झाइमचं काम मंदावतं. डिटर्जंटच्या पाकिटावर किंवा बाटलीवर "एन्झाइम" लिहिलंय का ते बघून घ्या, सगळ्यांत नसतं. पाणी कोमट हवं, मनगटाला ऊबदार लागेल इतकंच, ४० अंशांच्या आसपास. फार गरम पाण्यात एन्झाइम निकामी होतात, अगदी गार पाण्यात फार हळू चालतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाने अर्ध्या बादलीत पूड आधी विरघळवा, मग पँट बुडवा, तासभर ठेवा. डाग वर तरंगत राहिला तर वर एक जड ताट ठेवा. रात्रभर ठेवण्याची गरज सहसा नसते, आणि रंगीत पट्टी असलेल्या कपड्यात तर ठेवूच नका, पट्टीचा रंग पांढऱ्यावर उतरतो.

यात एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण घराघरात ती केली जाते. गवताच्या डागावर लिंबू चोळू नका. आंबटाने हिरवा रंग निघत नाही, तो बदलतो, भेंडीची भाजी आंबट घातल्यावर जशी मळकट दिसते तसा शेवाळी तपकिरी होतो. मग बायका तो मातीचा डाग समजून आणखी घासतात. गवत पूर्ण गेल्याशिवाय आंबट पदार्थ कपड्याच्या जवळ आणायचा नाही.

आता उरलेल्या लालीचं. गवत गेलं, माती गेली, तरी ओल्या कापडावर नारिंगी सावली दिसते, विशेषतः शिवणीच्या कडेने आणि जिथे कापड दुहेरी आहे तिथे. ती लोखंडाचीच आहे का हे ठरवायची सोपी परीक्षा आहे. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, मिळतं. पेलाभर कोमट पाण्यात त्याचा एक सपाट चमचा विरघळवा. सावलीच्या एका कोपऱ्यावर दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. तेवढी जागा शेजारच्यापेक्षा उजळली तर लोखंड आहे, उपाय चालणार. काहीच फरक नाही, तर तो दुसराच काहीतरी डाग आहे.

फरक दिसला तर त्याच पाण्याने ती जागा पूर्ण भिजवा, वीस ते तीस मिनिटं ओली ठेवा. वर प्लास्टिकची पिशवी टाकली तर वाळत नाही. वाळू द्यायचं नाही, वाळलं तर आंबट घट्ट होऊन धाग्याला त्रास होतो, सुती कापडाला जास्त. मग भरपूर पाण्यात दोनतीनदा खंगाळा. एकदा करून लाली अर्धी झाली तर पुन्हा एकदा करा, द्रावण कडक करण्यापेक्षा ते बरं. ताज्या लिंबाच्या रसात हेच आम्ल असतं, पण त्यात साखर आणि चोथाही असतो, म्हणून मी पूड वापरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड लोखंडावर याच्यापेक्षा नक्की भारी चालतं, पण ते विषारी आहे, हातमोजे लागतात. मुलं असलेल्या घरात ते आणू नका, असा डाग लॉन्ड्रीत द्या.

हे सगळं एका पँटवर कसं उतरतं ते सांगते. अकादमीतल्या एका विकेटकीपर मुलाची पॉलिस्टरची पँट आमच्याकडे आली होती. त्याच्या आईने ती न धुता, नुसती वाळवून पिशवीत घालून दिली होती, त्यामुळे कामाला सोपी. डाव्या गुडघ्यावर तळहाताएवढा डाग: मध्ये लाल चकती, भोवती हिरवी किनार, आणि वरच्या बाजूला हिरव्याचा एक ओरखडा, म्हणजे गुडघा टेकून पुढे घसरला होता. झटकून आणि झाडून चकतीचा वरचा लाल थर निघाला, खाली कापडाचा पांढरा दिसायला लागला. उलट बाजूने धार दिली, पाणी लाल आलं आणि पाचएक मिनिटांत स्वच्छ झालं. डिटर्जंट दहा मिनिटं, ब्रश, पुन्हा धार. आता चकतीच्या जागी फिकी नारिंगी छटा आणि भोवती हिरवा तसाच. हिरव्यावर स्पिरिट टिपलं, टॉवेल तीनदा सरकवावा लागला, तेव्हा किनार गेली, पण ओरखड्याची रेघ पोपटी राहिली. ती कोमट पाण्यात एन्झाइमच्या डिटर्जंटमध्ये तासाभरात गेली. शेवटी उरली फक्त गुडघ्याच्या शिवणीवरची नारिंगी रेघ. तिच्यावर सायट्रिकचं पाणी वीस मिनिटं, खंगाळली, आणि पँट मशीनला लावली. ब्लीच कुठेच लागलं नाही. या सगळ्यात माणसाचे हात लागतात तो वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, बाकी सगळी वाट बघणं.

तुमच्या जुन्या पँटचं मात्र एवढं सोपं नाही. ब्लीच आणि इस्त्री झालेल्या डागात हिरवा बहुधा आधीच पिवळट झालेला असतो आणि माती खोल बसलेली असते. त्यावर हाच क्रम करा, पण मातीच्या टप्प्यातलं दहा मिनिटांचं डिटर्जंट तासभर ठेवा आणि सायट्रिक दोनदा. लाली बरीच उतरेल. ब्लीचने गेलेली चमक धुऊन परत येत नाही, चांगल्या डिटर्जंटच्या पुढच्या धुण्यांत थोडी भरून निघते. त्या पँट सरावाला ठेवा आणि नवी पहिल्या दिवसापासून या पद्धतीने धुवा.

सुती कपड्यावर सगळं करूनही पिवळट छटा उरली, तर पांढरं करायला ऑक्सिजन ब्लीच वापरा, म्हणजे ती पूड जी पाण्यात टाकल्यावर बारीक बुडबुडे सोडते. चारपाच लिटर बऱ्यापैकी गरम पाण्यात एक मोठा चमचा, तासभर. पण ते लोखंड निघाल्यानंतरच. लोखंडाचे कण कापडात असताना हे ब्लीच त्या ठिकाणी वाजवीपेक्षा जोरात चालतं आणि सुताला तिथेच कमजोर करतं, कधी कधी धुता धुता बारीक भोकं पडतात. सायट्रिकचं पाणी खंगाळून काढल्याशिवायही घालू नका, आंबट पाण्यात ते नीट चालत नाही.

मांडीवरच्या लाल रंगाबद्दल एक शंका आहे. मुलगा बॉलिंग करतो का? करत असेल तर मांडीच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावरचा उभा, लांबट, गुलाबीकडे झुकणारा डाग मातीचा नसून चेंडू घासल्याचा असू शकतो. मातीचा डाग खरखरीत लागतो आणि झटकला की पूड पडते. चेंडूचा डाग गुळगुळीत, किंचित मेणचट असतो, त्यात कातड्याचा रंग आणि पॉलिश असतं. त्यावर धार आणि ब्रश चालत नाही, सायट्रिकही नाही. तिथे आधी लिक्विड डिटर्जंट पाणी न लावता थेट चोळून पंधरा मिनिटं, मग स्पिरिटने टिपणं, गवतासारखंच. पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही, जुना असेल तर फिका गुलाबी राहतो.

पाण्याचं असं आहे. नर्मदेच्या नळाचं पाणी या कामाला चांगलं. बोरिंगचं पाणी बऱ्याच कॉलन्यांमध्ये जड असतं, त्यात साबणाचा फेस मरतो आणि साबणाचा चिकट थर कापडावर बसून त्यात मातीचे कण अडकतात, म्हणून आठवड्यागणिक पांढरं कापड करडं होत जातं. बोरिंगचंच पाणी असेल तर निदान डाग काढायचं पाणी आणि शेवटचं खंगाळायचं पाणी नर्मदेचं भरून ठेवा. ते शक्य नसेल तर भिजवायच्या पाण्यात डिटर्जंटच्या आधी अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. बोरिंगच्या पाण्याची बादली रात्रभर ठेवून सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला, तर त्यात लोखंड आहे, ते पाणी पांढऱ्या कपड्यांना लावूच नका.

शाळेच्या पीटी ड्रेसला दोन गोष्टी वेगळ्या. तो बहुधा सुती-पॉलिस्टर मिश्र असतो, म्हणून मातीवर जास्त वेळ द्यावा लागतो, उलट बाजूची धार लांबवा. आणि हाउसच्या रंगाची पट्टी किंवा कॉलर असते, तिच्यावर स्पिरिट जाऊ देऊ नका, बोळा पिळून घ्या. या ड्रेसवर गवतापेक्षा धूळच जास्त असते, त्यामुळे वाळवणं, झाडणं आणि धार एवढ्यातच बऱ्याच वेळा काम होतं.

मशीनला लावताना ड्रम पाऊण भरेल इतकेच कपडे घाला, पांढरे वेगळे, पँट उलटी करून. ४० अंशांचा प्रोग्रॅम आणि एक जादा रिन्स. ठासून भरलं की सुटलेली माती बाहेर जायला जागा राहत नाही आणि ती सगळ्या कपड्यांवर परत बसते. बाहेर काढल्यावर वाळत घालायच्या आधी गुडघे आणि शिवणी उजेडात बघा. डाग दिसला तर वाळवू नका, ओल्यावरच त्या टप्प्यापासून परत करा. उन्हात वाळवायला हरकत नाही, ऊन उरलेला पोपटी फिकाच करतं. इस्त्री मात्र डाग गेल्याची खात्री झाल्यावरच.

पँटच्या आतल्या लेबलवर काय कापड लिहिलंय आणि तुमच्याकडे नर्मदेचं पाणी आहे की बोरिंगचं, ते कळवा. सुती निघालं आणि पाणी बोरिंगचं असलं तर सायट्रिकची वेळ मी थोडी बदलून सांगेन.